ग, रे, हो, की: चॅटवर कुणाला काय लावायचं?

प्रश्न: मी दिल्लीत वाढलेली मराठी मुलगी, लग्न होऊन साताऱ्याच्या घरात आले. बोलताना निभावून नेते, पण व्हॉट्सॲपवर ग, रे, हो, की कुठे लावायचं ते कळत नाही. नवरा त्याच्या आत्याला लिहितो तसंच मीही लिहिलं, "आत्या, तुम्ही कधी येणार गं?" ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. उलट मैत्रिणींना "अहो" लिहिलं तर त्या हसतात. मोठ्यांना काय आणि मित्रमैत्रिणींना काय, नीट सांगाल का?

उत्तर:

तुमच्या त्या वाक्यात दोन शब्द एकमेकांशी भांडतायत: "तुम्ही" आणि "गं". गप्प बसलेल्या मंडळींना राग आला असेल असं मला वाटत नाही. आत्यांना तुम्ही मान दिलात की सलगी केलीत, हे त्यांना ठरवता आलं नसणार. मी बाहेरून महाराष्ट्रात आलेल्या नोकरदारांना आणि लग्न होऊन आलेल्या मुलींना बोली मराठी शिकवते. हिंदी बोलत वाढलेल्यांच्या मराठीत ही अडखळ मला जवळजवळ दरवेळी दिसते, त्यामुळे ती कुठून येते तिथूनच सुरुवात करते.

रे आणि गं हे "तू"च्या घरचे आहेत. समोर एकटा पुरुष असेल आणि त्याला आपण "तू" म्हणत असू तर रे, बाई असेल तर गं. हो हा "तुम्ही"च्या घरचा, आणि त्याला स्त्री-पुरुष भेद नाही. क्रियापद आणि हा शेवटचा शब्द एकाच घरातले लागतात. "कधी येतोस रे?", "कधी येतेस गं?", "कधी येताय हो?" ही तिन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, क्रियापदाची शेपटीच पुढच्या शब्दाला हाक मारते. "येताय" म्हटल्यावर जिभेवर गं येतच नाही. तुमची गफलत झाली कारण तुम्ही "येणार" वापरलंत. "मी येणार, तू येणार, तुम्ही येणार", हे रूप कुणासाठीच बदलत नाही. त्यामुळे क्रियापदाने तुम्हाला अडवलं नाही. तुम्ही आदराने "तुम्ही" घातलंत, नवऱ्याच्या वाक्यातला गं तसाच राहिला, आणि दोन्ही एका ओळीत आले.

नवऱ्याचं वाक्य बहुधा "आत्या, कधी येणार गं?" असं असेल, आणि ते अगदी बरोबर आहे. भाचा आत्याला "तू" म्हणतो, म्हणून त्याचा गं शोभतो. त्याच आत्याला भाच्याची बायको "तुम्ही" म्हणते, म्हणून तिने गं लावायचा नाही. मराठी घरात एकाच माणसाला एकाच खोलीत दोन वेगवेगळे शब्द लागतात, आणि ते माणसाच्या वयावर ठरत नाहीत, नात्यावर ठरतात. सर्वांत ठळक उदाहरण आईचं. कितीही वय झालं तरी आपण आईला "अगं आई" म्हणतो, पण कित्येक घरांत वडिलांना "अहो बाबा" म्हणतात. आजीला "अगं आजी", आजोबांना "अहो आजोबा". आईच्या माहेरची मावशी "गं" मध्ये राहते, काकांची बायको म्हणून घरात आलेली काकू बरेचदा "अहो" मध्ये. आता नव्या पिढीत बाबाही "अरे बाबा" झाले आहेत, तेही कुणाला खटकत नाही, कारण ते त्या घरात लहानपणापासून ठरलेलं असतं. तुम्हाला मात्र हे ठरलेलं आयतं मिळालेलं नाही. म्हणून सासरी शब्द उचलताना नवऱ्याचं ऐकू नका. तुमच्यासारखी लग्न होऊन आलेली मोठी जाऊ किंवा चुलतसासू काय म्हणते ते ऐका. ती "अहो आत्या" म्हणत असेल तर तुम्हीही तेच म्हणा.

दुसरा धागा हिंदीचा आहे. हिंदीतला "अरे" कुणालाही चालतो: "अरे आंटी, बैठिए ना" यात काहीच गैर नाही. मराठीत "अरे काकू, बसा ना" असं लिहिलं की वाक्य लगेच लंगडतं, कारण मराठीतला अरे पुरुषाला आणि तोही "तू"वाल्या पुरुषाला. इथे "अहो काकू, बसा ना" हवं. मात्र एक सवलत आहे. अरे जेव्हा कुणाला हाक नसतो, नुसता आश्चर्याचा उद्गार असतो, तेव्हा तो कुणासमोरही चालतो. "अरे वा! काकू, छान झाल्यात चकल्या" हे ठीक आहे, कारण "अरे वा" काकूंना उद्देशून नाही. तसंच "बाप रे", "आई गं", "अगं बाई" हे सगळे गोठलेले उद्गार. पायाला ठेच लागली की पुरुषही "आई गं" म्हणतो आणि ऐकणारा सासरा असला तरी बिघडत नाही.

आता मोठ्यांना लिहिताना सगळ्यात जास्त काय बिघडतं ते सांगते. हे शब्द दोन जागी बसतात. वाक्याच्या सुरुवातीला अरे, अगं, अहो, आणि वाक्याच्या शेवटी किंवा मधे रे, गं, हो. अर्थ एकच वाटतो, पण काम वेगळं आहे. सुरुवातीचा शब्द लक्ष वेधतो, आणि बहुतेक वेळा समोरच्याचं काहीतरी चुकतंय किंवा त्याला काहीतरी माहीत नाही असं सुचवतो. "अहो, तो रस्ता बंद आहे." "अगं, कालच दिले ना पैसे." बोलताना आवाजाने त्याची धार कमी होते, चॅटवर आवाज नसतो. ऑफिसातल्या साहेबांना "अहो सर, मी कालच पाठवलंय" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला त्यात वैताग ऐकू येतो: किती वेळा सांगायचं तुम्हाला! तेच "सर, मी काल पाठवलं आहे. एकदा बघाल का?" असं लिहिलं तर मजकूर तोच राहतो आणि वैताग जातो. शेवटी येणारा शब्द उलट काम करतो, वाक्याला जवळीक देतो. "पाठव" हा हुकूम आहे, "पाठव रे" ही मित्राला विनवणी.

म्हणून माझा सल्ला असा: मोठ्यांना लेखी निरोप सुरू करताना अहो टाळा, त्याच्या जागी नातं लिहा. आत्या, काकू, सर, मॅडम, दादा, वहिनी. मराठीत नात्याचा शब्दच हाकेचं काम करतो आणि तो कधी उर्मट वाटत नाही. तुमचाच निरोप घेऊन बघू. आत्या सुट्टीत यायच्या आहेत आणि तारीख विचारायची आहे.

"आत्या, कधी येताय?" हे सगळ्यात साधं आणि निर्धास्त. "येताय"मध्ये मान आलाच, हो लावायची गरज नाही. "आत्या, कधी येताय हो?" यात ओढ आहे, वाट बघतोय असं जाणवतं. आत्यांशी तुमचं चांगलं जमत असेल, त्या तुम्हाला फोन करून गप्पा मारत असतील, तर हे जास्त गोड. पण ओळख नवी असेल तर त्यात किंचित घाई वाचली जाते. "अहो आत्या, कधी येताय?" हे त्यांनी आधी दोनदा तारीख बदलली असेल तरच, आणि तेही बोलताना. "कधी येणार आहात, आत्या?" हेही उत्तम. मात्र इथे "आहात" घालायला विसरू नका, कारण "येणार" एकटं राहिलं की मानाची खूण कुठेच उरत नाही. आणि "येताय की नाही?" हे मोठ्यांना कधीच लिहू नका. ऐकायला साधा प्रश्न, पण वाचताना तो जाब वाटतो. "येताय ना?" लिहा, त्यात त्या येणारच आहेत असं तुम्ही धरून चालता आणि ते ऐकायला कुणालाही आवडतं.

समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही हेच ठरत नसेल, तर तेच "येणार" मुद्दाम वापरता येतं, फक्त शेवटी गं-रे न लावता. मराठीत अशी बरीच रूपं आहेत जी तू-तुम्ही उघड करत नाहीत: "जमेल का?", "चालेल का?", "भेटायचं का?", "काही आणायचं आहे का?" नवऱ्याची मामेबहीण तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे आणि तिला काय म्हणायचं कळत नाही, तर "रविवारी भेटायचं का? जमेल का?" एवढंच लिहा. तिच्या उत्तरात ती "अगं हो, ये की" म्हणाली तर तुम्हाला तू मिळालं. ती "नक्की या" म्हणाली तर तुम्ही चालू ठेवा. मराठीत तुम्हीवरून तूवर येण्याची परवानगी मोठ्या माणसाने द्यायची असते, "अगं, तू म्हण मला" असं अनेकजणी सरळ सांगतातही. लहान बाजूने ती ओलांडली की ते डोळ्यावर येतं.

हो या शब्दाचा चॅटवर आणखी एक त्रास आहे. हो म्हणजे होकार, हो म्हणजे आदराची हाक, आणि हो म्हणजे "होणे"चा हुकूम. बोलताना सुरावरून कळतं, लिहिताना स्वल्पविराम नसेल तर गोंधळ होतो. "बरं हो" हे "ठीक आहे" पण असू शकतं आणि आजारी माणसाला दिलेली सदिच्छा पण. म्हणून आजारी मोठ्यांना "लवकर बरे व्हा" किंवा "लवकर बऱ्या व्हा" असं पूर्ण लिहा. होकार देताना नुसतं "हो" पाठवलं तर ते कोरडं दिसतं, मोठ्यांना वाटतं की पोरीला आपल्याशी बोलायचं नाही. "हो आत्या, पाठवते" लिहा. नात्याचा तो एक शब्द तिथे पुरतो. आणि "हो का?" जपून वापरा. आत्यांनी मोठी बातमी दिली आणि तुम्ही "हो का?" एवढंच लिहिलंत तर त्यात अविश्वास किंवा कंटाळा ऐकू येतो. "हो? अरे वा, कधी ठरलं?" असं लिहिलं की तेच आश्चर्य आनंदाचं होतं.

हो चा एक चौथा वापर तुमच्या घरातल्या आजी करत असतील आणि तुम्ही त्यावरून गोंधळाल, म्हणून सांगून ठेवते. आजी नातवाला "नीट जा हो बाळा", "देते हो" असं म्हणतात. क्रियापद "तू"चं, आणि हो मात्र आहे. हा आदराचा हो नव्हे, हा मायेचा, "हं" सारखा. तो वरच्या माणसाकडून खालच्याकडे जातो. तुम्ही लहान दिराला किंवा भाच्याला "सांभाळून जा हो" लिहू शकता, सासऱ्यांना "सांभाळून जा हो" नाही. त्यांना "सांभाळून जा, बाबा" किंवा "पोचलात की कळवा". इथे "जा" तू आणि तुम्ही दोघांनाही सारखंच आहे, म्हणून नातं लिहिणं आणखीच गरजेचं होतं.

घराबाहेरच्या मोठ्यांचंही थोडं. कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन, रिक्षावाले, सामान आणून देणारा मुलगा, यांना रे-गं लावणारे लोक आजही दिसतात. मला ते मनापासून खटकतं. दिल्लीकडच्या सवयीने "अरे भैया" म्हणता म्हणता इथे "अरे" राहून जातो. "मावशी, उद्या येताय ना?", "दादा, मागच्या गेटवर या" असं लिहा. नातं लावा, क्रियापद मानाचं ठेवा, झालं.

आता मैत्रिणी. त्यांना "अहो" का हसू आणतो ते सांगते. "अहो" हा कित्येक घरांत बायकोने नवऱ्याला मारायच्या हाकेचा शब्द. नाव घ्यायचं नाही म्हणून "अहो, ऐकलंत का?" आता तर "आमचे अहो बाहेर गेलेत" असं त्याचं नामच झालंय. मैत्रिणींना तुमचा आदर दिसत नाही, त्यांना तुमचे अहो दिसतात. मैत्रिणीला अगं आणि गं, बस. "अगं ऐक ना", "कुठे आहेस गं?", "कर गं, काही होत नाही".

पण इथेही एक पायरी आहे, आणि ती बहुतेक पुस्तकांत सांगितलेली नसते. "तू" म्हणता येणं आणि "गं" लावता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गं-रे ही "तू"च्या पुढची पायरी. ऑफिसात नवीन आलेल्या तुमच्या वयाच्या मुलीला पहिल्या दिवसापासून "तू" म्हणाल, पण "फाइल पाठव गं" लगेच लिहिणार नाही, "फाइल पाठवशील का?" लिहाल. पुरुषाने बाईला गं लावताना ही पायरी आणखी उंच असते. दोघं एका वर्गात शिकलेले असतील तर "बघ गं" सहज जातं, पण नव्या महिला सहकाऱ्याला पुरुषाने "बघ गं" लिहिलं तर ते अंगावर आल्यासारखं वाटतं, मग मजकूर कितीही साधा असो. अशा वेळी नाव आणि "ना" पुरेसे असतात. "ना" ला लिंग नाही, मान-अपमान नाही. "बघ ना", "बघा ना", दोन्हीकडे तो नुसता मऊपणा आणतो. चॅटवर अडलात की "ना" वापरा, तो क्वचितच दगा देतो.

शहरातल्या मुली एकमेकींना सर्रास "अरे" आणि "रे" म्हणतात: "अरे काय सांगू तुला", "नाही रे". ही आता तरुणांची बोलीच आहे, तुमच्या वयाच्या मैत्रिणींत ती चालते. घरच्या ग्रुपवर मात्र नणंदेला "नाही रे" लिहू नका, सासूबाईंना ते चुकीचं मराठी वाटेल. याच्या उलट, मुलग्याला "गं" लिहिलं तर ती चेष्टाच ठरते, आणि ती चेष्टा बहुतेकांना आवडत नाही.

ग्रुपवर सगळ्यांना एकदम लिहिताना वरचा नियम थोडा वाकतो. "तुम्ही"सोबत गं चालत नाही असं मी म्हटलं, ते एका माणसाबद्दल. मैत्रिणी चार असतील तर "तुम्ही कुठे आहात गं?" अगदी बरोबर आहे, कारण इथे तुम्ही मानाचं नाही, अनेकवचनाचं आहे. मित्रमैत्रिणी मिसळून असतील तर "कुठे आहात रे सगळे?" चालतं, तिथे रे सगळ्यांना पुरतो. पण त्याच ग्रुपवर एक जरी मोठं माणूस असेल, समजा दादासोबत दादाच्या सासूबाई, तर रे काढून टाका. "सगळे कुठे आहात?" लिहा, किंवा "मंडळी, कुठे पोचलात?" मंडळी हा शब्द मला फार उपयोगी वाटतो, त्यात आजोबांपासून भाच्यापर्यंत सगळे मावतात.

दुःखाच्या प्रसंगी या छोट्या शब्दांना जपायला हवं. मैत्रिणीचे वडील गेले तर "फार वाईट झालं गं" यातला गं काढू नका, तो काढला की वाक्य बातमीसारखं होतं. तिच्या आईला मात्र "फार वाईट झालं, काकू. आम्ही सगळे आहोत" असं लिहा, हो न लावता. "अरेरे" हा शब्द दयेचा असला तरी लेखी हलका वाटतो, सांत्वनात तो नको.

राहिला की. तो या तिघांच्या रांगेत बसत नाही, कारण तो कुणाला हाक मारत नाही. त्याला लिंग नाही, मान नाही. मान क्रियापदात असतो: "ये की" आणि "या की". की वाक्याच्या शेवटी आला की तो आग्रह करतो किंवा "हे तर उघडच आहे" असं म्हणतो. तुम्ही साताऱ्यात आहात, तेव्हा हा तुम्हाला दिवसभर ऐकू येत असणार. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात "या की", "बसा की", "जेवा की", "सांगा की" हा आतिथ्याचा सूर आहे. तिथे मोठ्यांना "या की आत्या, आठ दिवस राहा" लिहिलंत तर ते मान आणि माया दोन्ही पोचवतं. तेच पुण्या-मुंबईच्या माणसाला थोडं रेटून बोलल्यासारखं वाटू शकतं, त्याला "या ना" लिहा.

विधानाला की लावताना मात्र फार जपा. "आहे की" म्हणजे नक्की आहे, यात काही वाईट नाही. "मिळेल की" म्हणजे धीर. पण "मी सांगितलं होतं की" हे मोठ्यांना लिहिलं तर ते उलट उत्तर होतं: मी सांगितलं होतं, तुम्ही लक्ष दिलं नाहीत. बोलताना हसत म्हटलं तर खपतं, लेखी नाही. "मी बहुतेक सांगायची राहिले, बस सातची आहे" असं लिहिलं की काम होतं आणि कुणी दुखावत नाही. होकारासाठी "हो की!" हा सुंदर शब्दप्रयोग आहे. कुणी आठवण करून दिली, "अगं, उद्या पौर्णिमा ना?" तर "हो की!" म्हणजे खरंच की, माझ्या लक्षातच नव्हतं. हा मोठ्यांनाही चालतो, "हो की आत्या, विसरलेच होते."

आता तुमच्या घरात पाहुणे वेगवेगळ्या भागांतून येतील, आणि त्यांचे शब्द ऐकून वरचे नियम मोडल्यासारखे वाटतील. विदर्भातला माणूस पुरुषाला "काय गा" म्हणेल, त्यातला गा म्हणजे गं नव्हे. जुन्या मराठीत तो पुरुषालाच होता, 1290 च्या ज्ञानेश्वरीत अर्जुनाला "अगा" म्हटलेलं आहे. तिकडे बाईला "काय वं", मानाने "काय जी", आणि जिवलग मित्राला "काय बे". यातला "बे" तुम्ही उचलू नका, तो फक्त लंगोटीयारांत चालतो. कोकणात बाईला "काय गो" ऐकाल, गोव्यात कोकणीतही गो आहेच. साताऱ्या-कोल्हापूरच्या खेड्यात रे चा "रं" होतो, "काय रं". आणि तिथेच "अवं" किंवा "आवो" ऐकलंत तर तो अहोच आहे. हे ऐकून ओळखा, उत्तर देताना मात्र आपल्या घरचेच शब्द ठेवा. दुसऱ्या भागातल्या माणसाची बोली त्याच्याशी बोलताना वापरली तर नक्कल केल्यासारखं होतं.

शेवटी लिहिण्याबद्दल, कारण तुम्ही टाइप करता. अरे, अगं, अहो हे सलग एक शब्द. रे, गं, हो, की हे क्रियापदापासून सुटे: "येतेस गं", "पाठव रे", "या की". गं वर टिंब द्या. "ये ग" असं नुसतं लिहिलं तर शेवटचा ग पाय मोडल्यासारखा वाचला जातो, टिंबाने तो पूर्ण आणि ठाशीव होतो. की नेहमी दीर्घ, "कि" नाही. आणि सगळ्यांना एकदम हाक मारताना "मित्रांनो", "मैत्रिणींनो" यातल्या शेवटच्या नो वर टिंब नसतं. "मित्रांनों" हे हिंदीच्या सवयीने होतं, टाइप करताना बोट आपोआप तिकडे जातं, तेवढं बघा.